रक्त चढवण्याआधी की नंतर

भिकन बाळाला टोचताना कधीही "दुखणार नाही हं" म्हणत नसे. दुखणार हे त्याला माहीत, बाळाला तर दुसऱ्या क्षणी कळणारच, मग देवाघरच्या त्या जिवाशी उगाच खोटं कशाला बोला? तो म्हणायचा, "दुखेल राजा, पण एकदाच." आणि खरोखर एकदाच. शीर सापडली नाही म्हणून चार ठिकाणी भोसकाभोसकी करणारी माणसं त्याला डोळ्यांसमोर नको असत. नवीन सिस्टर लोकांना तो सगळ्यांदेखत सुनवायचा, "पोराचा हात आहे तो, वांगं नाही भरायचं."

नाशिकातल्या एका लहान मुलांच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं तो लॅब टेक्निशियन होता. हॉस्पिटल तीन मजल्यांचं, लॅब तळमजल्यावर जिन्याखाली. सगळे त्याला मामा म्हणत. मोठ्या मॅडम, म्हणजे ज्यांचं हॉस्पिटल त्या डॉक्टरीणबाई, त्यासुद्धा मामाच म्हणत. वयानं त्या त्याच्याहून मोठ्या, पण ते जाऊ द्या.

मूळ गाव नामपूर. त्याच्या आधी कुसाबाईला, त्याच्या आईला, पाच मुलं झाली आणि पाचही गेली. कुणी तीन महिन्यांचं, कुणी पाच. हा सहावा झाला तेव्हा तिनं पाच घरी पदर पसरून जुनं कापड मागून आणलं, त्याचं पहिलं झबलं शिवलं आणि नाव ठेवलं भिकन. मागून आणलेल्या पोरावर यमाचा हक्क लागत नाही, अशी समजूत. म्हातारी मरेपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "तू मना मांगेल पोऱ्या शे." पण ती पाच कशानं गेली? तिलाही ठाऊक नव्हतं. त्या काळी कुणाला ठाऊक होतं? सटवाईनं लिहिलं, संपलं.

तर असा हा माणूस. आता त्याचा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे. बाळ फार आजारी असेल, रोग घराण्यातला असावा असा मॅडमना संशय असेल, तर रक्ताची बाटली लावायच्या आधी जांभळ्या टोपणाची नळी भरून घ्यायची. त्या नळीत रक्त गोठत नाही आणि त्यातून डीएनए काढून वर्षानुवर्षं ठेवता येतो. बाटली लागली की दुसऱ्याचं रक्त अंगात आलं, मग नमुना भेसळीचा. "आधी जांभळी, मग बाटली." हॉस्पिटलातल्या पोरीबाळींनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्या त्याच्या पाठीमागे त्याच्याच आवाजात म्हणून दाखवत. एकतीस वर्षांत नियम मोडला एकदाच.

रुद्र साडेचार महिन्यांचा होता. बाप मनोज सातपूरला एका कारखान्यात मशीनवर, आई निकिता त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाची पोर करायची पद्धत आपल्याकडे जुनी, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पोराला पंधरा दिवस ताप. पोट फुगलेलं, अंग पांढरंफटक. मॅडमनी कागद बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की भिकन हातातलं काम खाली ठेवायचा. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि घरच्याच अंगावर धावून जातात, असा एक रोग असतो. तो आईबापांकडून येतो आणि आईबाप मात्र ठणठणीत असतात. तोच असावा, असं मॅडमना वाटलं. उपचार सुरू केले, रक्त मागवलं आणि मनोजची सही घेऊन भिकनला म्हणाल्या, "मामा, जांभळी."

दुपारी दोनला तो वर गेला. तीन दिवस रडरड करणारं ते लेकरू नुकतंच आईच्या मांडीवर झोपलं होतं. सकाळपासून सात वेळा टोचलेलं. दोन्ही हात पट्ट्यांनी गुंडाळलेले. निकितानं मान वर केली आणि हळूच म्हणाली, "मामा, आत्ताच डोळा लागलाय हो. थोडं थांबा ना."

भिकन थांबला. नियमवाला माणूस, पण थांबला. "बरं, उठला की घेतो," म्हणाला आणि खाली आला. खाली ओपीडीची ही एवढी रांग. एकाला डेंग्यू, एकाला कावीळ, एक बाई लघवीची बाटली घेऊन भांडत होती. साडेपाचला आठवण झाली तसा तो धावत वर गेला. बाटली अर्धी संपली होती. आधी प्लेटलेट्सची पिशवीही जाऊन बसली होती. सिस्टरला त्यानं सांगूनच ठेवलं नव्हतं, मग तिला दोष कसला द्यायचा? त्यानं तरीही नमुना घेतला. नळीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली. वेळ लिहायची जागा कोरी सोडली. कळतं पण वळत नाही, म्हणतात ना, ते असं. सांगू, उद्या मॅडमना सांगू, असं त्यानं ठरवलं. तो उद्या उजाडला आणि रुद्रला कृत्रिम श्वासाच्या मशीनवर घेतलं. चौथ्या दिवशी तो गेला. मग कुणाला काय सांगायचं? नळीतून डीएनए काढला गेला आणि फ्रीजरच्या खालच्या खणात जाऊन पडला. आईबापांना तेव्हा तपासणीबिपासणी काही सुचत नव्हतं. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. मनोजनं पुरलं.

अकरा महिने गेले. मग एका सोमवारी निकिता आणि मनोज मॅडमच्या केबिनबाहेर येऊन बसले. निकिताला नववा आठवडा लागला होता.

मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं. रोग तोच असेल तर या बाळालाही तो असण्याची शक्यता चारात एक. पोटातलं बाळ तपासता येतं, पण काय शोधायचं ते आधी ठाऊक हवं. रुद्रच्या डीएनएत नेमकी कुठली चूक होती हे कळलं, तरच ती चूक याच्यात आहे की नाही ते बघता येईल. सोळाव्या आठवड्यात पोटातलं पाणी काढून तपासायचं, विसाव्याच्या आत सगळं हातात हवं. म्हणजे रुद्रचा निकाल सहा आठवड्यांत यायलाच हवा.

"पण आता रुद्र कुठंय?" निकितानं विचारलं.

"त्याचं रक्त आहे आपल्याकडे. मामांनी घेतलेलं," मॅडम म्हणाल्या.

भिकन दारात रिपोर्ट घेऊन उभा होता. निकितानं त्याच्याकडे बघितलं आणि हात जोडले. काय वाटलं असेल त्याला, बघा तुम्हीच.

हे डीएनए वाचायचं काम नाशकात होणारं नव्हतं. बंगळूरला एक सिक्वेन्सिंग लॅब होती, तिला ईमेल करायचा होता. ते काम हर्षालीचं. ती एमएस्सी झालेली, वर्षभरापूर्वी लागलेली, इगतपुरीची चुणचुणीत पोर. लिहायची इंग्रजीत आणि मामांना मराठीत वाचून दाखवायची, कारण नमुन्यांचा इतिहास सगळा मामांच्या डोक्यात.

"ऐका मामा. आम्ही तीन नमुने पाठवत आहोत. आई, वडील आणि त्यांचा मृत मुलगा. आईवडिलांचं ताजं रक्त, मुलाचा साठवलेला डीएनए, अकरा महिने उणे वीस अंशांवर. आईवडील एकमेकांचे आतेमामे भाऊबहीण. मुलाला अमुक रोगाचा संशय. बरोबर?"

"बरोबर."

"आता प्रश्न. एक, लायब्ररी कशी बनवणार?" भिकनला हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं. पुस्तकंबिस्तकं काही नाही. डीएनएचे बारीक तुकडे करायचे, मशीनला ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना खुणेच्या शेपट्या जोडायच्या, या तयारीला हे लोक लायब्ररी म्हणतात. "मुलाचा डीएनए थोडा आहे, तर कमी डीएनएत चालणारी पद्धत तुमच्याकडे आहे का? दोन, रीड डेप्थ. म्हणजे एकेक अक्षर किती किती वेळा वाचणार? सरासरी शंभर वेळा तरी हवं. तीन, निकाल कधी? आई गरोदर आहे, नववा आठवडा, सहा आठवड्यांच्या आत मिळेल का?" तिनं पेनाचं टोक ओठाला लावलं. "आणि त्यांचा हा फॉर्म भरायचाय. नाव, वय, नळीचा प्रकार... नमुना रक्त चढवण्याआधी घेतला की नंतर?" आणि भिकननं तोंड उघडायच्या आत तिनं स्वतःच टिचकी मारली. "आधी. मामांचा नमुना म्हणजे आधीचाच."

भिकन खुर्ची सरकवून उठला.

"पाठवू?"

"थांब जरा. चहा घेऊन येतो."

चहा कसला न काय कसला. तो मागच्या दारानं गेला आणि ऑक्सिजनच्या नळकांड्यांपाशी उभा राहिला. माणसाचं मन फार लबाड असतं हो. ते म्हणायला लागलं, दुसऱ्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी त्या कितीशा? डीएनए तर पांढऱ्यांतच असतो, लाल पेशींत नसतोच. मग चालून जाईल. पण मन कितीही लबाड असलं तरी त्याची एकतीस वर्षं खोटी नव्हती. रुद्रच्या अंगात त्या दिवशी स्वतःच्या पांढऱ्या पेशी उरल्याच होत्या किती? रिपोर्ट त्यानंच काढला होता. मूठभर. त्यात रक्तदात्याच्या मिसळल्या म्हणजे मशीन दोन माणसं एकत्र वाचणार. रुद्रच्या दोन्ही प्रतींत, आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्या, जिथं चूक असेल, तिथं दात्याची चांगली प्रत मध्ये डोकावणार. मशीन म्हणणार, एक प्रत चांगली आहे, हा रोगी नाही. खरा चोर सुटणार. आणि मग निकिताला सांगितलं जाणार, काही सापडलं नाही, देवाचं नाव घ्या.

तो आत आला. चहा आणायचं विसरलाच होता.

"हर्षाली, ते खोड. नंतरचा आहे तो."

"काय?"

"नमुना. बाटली अर्धी गेल्यावर घेतला मी. प्लेटलेट्सनंतर. वेळ लिहिली नाही मुद्दाम."

पोरीचा चेहरा उतरला. "मामा, तुम्ही? आम्हाला वर्षभर डोस पाजता आणि तुम्ही?"

"हो, मी."

"का पण?"

भिकनच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पोराला नुकती झोप लागली होती, आईनं थांबा म्हटलं. ते तो गिळून बसला. "राहिलं," एवढंच म्हणाला. "गर्दी होती."

मॅडमना सांगावं लागलं. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "खरं आहे ते लिहा त्यात." हर्षालीनं फॉर्म दुरुस्त केला आणि ईमेलमध्ये चौथा प्रश्न घातला: नमुना रक्त चढवल्यानंतरचा आहे, मुलाच्या पांढऱ्या पेशी अगदी कमी होत्या; तर प्रत्येक अक्षर दोनशे-तीनशे वेळा वाचून दात्याचा डीएनए वेगळा काढता येईल का? खाली एक ओळ भिकननं स्वतः सांगून लिहवून घेतली. नमुना उशिरा घेतला ही टेक्निशियनची चूक आहे, हॉस्पिटलची पद्धत तशी नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सभ्य आणि सविस्तर. जास्त वेळा वाचलं तर भेसळ आहे हे कळेल, किती आहे तेही अंदाजे कळेल. पण एखाद्या जागी दोन्ही प्रती चुकलेल्या होत्या की एकच, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि पोटातल्या बाळाचा निर्णय असल्या निकालावर घेऊ नये असं आमचं मत. नुसत्या आईवडिलांवरून बघावं तर नात्यातलं लग्न, दोघांत सारख्या चुका पुष्कळ निघतील, त्यातली कुठली खरी ते ठरणार नाही. मुलाचा दुसरा काही भाग तुमच्याकडे आहे का? त्वचा? मुळासकट केस? किंवा काही घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात, ती असेल तर उत्तम.

हर्षालीनं वाचता वाचता आवाज खाली आणला. भिकननं पिशवी उचलली आणि सातपूरची बस धरली.

दोन खोल्यांचं घर. मनोजची आई लंकाबाई दारातच मेथी निवडत बसली होती. भिकननं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, रुद्रचं रक्त उपयोगाचं नाही, नमुना बिघडला.

"बिघडला म्हंजी? कोनी बिघडवला?" लंकाबाईनं विचारलं.

"मी."

"तू? आन हे सांगायला आलास व्हय? माझं नातवंड गेलं, आता दुसऱ्याच्या जिवावर उठलास? तुझ्या हाताला..." पुढचं ती जे बोलली ते लिहीत नाही. जिभेला हाड नसतं, आणि त्या दिवशी ते नसलेलंच बरं होतं. भिकन मान खाली घालून ऐकत राहिला. निकिता आतल्या दाराला टेकून उभी होती. तिनं त्याच्याकडे टक लावून बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग त्यानं नाळेचं विचारलं.

लंकाबाईच्या तोंडाचा पट्टा एकदम थांबला. निकिता आत गेली आणि कपाटातून एक पितळी करंडा घेऊन आली. आत कापूस, कापसात ती नाळ. दीड बोटाची, काळी, सुकून वाकडी झालेली, एका टोकाला दवाखान्यातली प्लास्टिकची पांढरी चिमटी अजून तशीच. सातव्या दिवशी पडली होती. लंकाबाईनंच हळद लावून ठेवली होती.

"सगळी लागेल?" निकितानं विचारलं.

"विचारतो," भिकन म्हणाला. "अर्ध्यावर भागतंय का ते विचारतो."

"परत मिळेल का त्यातली?"

"तेही विचारतो."

दुसरा ईमेल गेला तो असा. नमुना: वाळलेली नाळ, सुमारे पावणेदोनशे मिलिग्रॅम, सव्वा वर्षाची, साध्या हवेत कापसात ठेवलेली, हळद लावलेली. प्रश्न: वरचा थर खरवडून मग डीएनए काढाल का, म्हणजे हाताळणाऱ्यांचा त्यात येणार नाही? डीएनए तुटलेला असणार, तर लायब्ररीच्या वेळी त्याचे आणखी तुकडे करणं टाळता येईल का? थोड्या डीएनएच्या प्रती फार काढाव्या लागल्या तर तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा वाचले जातील. म्हणून वेगवेगळ्या तुकड्यांचं वाचन शंभर पट भरेल इतकं जास्त वाचाल का? आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हे आईच्या नमुन्याशी ताडून बघाल का? आणि शेवटी, हर्षाली नको नको म्हणत असताना भिकननं लिहायला लावलेला प्रश्न: अर्ध्या नाळेत काम होईल का, आणि उरलेलं परत मिळेल का? मुलाचं एवढंच उरलं आहे.

उत्तर आलं: सगळ्याला हो. अर्धी पाठवा, अर्धी आईजवळ राहू द्या. दिलेली मात्र परत येणार नाही, ती काढणीत विरघळून जाते. डीएनए कसोटीला उतरला की त्या दिवसापासून तीन आठवड्यांत निकाल देऊ, गरोदरपणाची केस म्हणून पुढे घेऊ.

भिकननं चिमटी काढून बाजूला ठेवली आणि नव्या पात्यानं नाळ मधोमध कापली. अर्धी बंगळूरला गेली. अर्धी चिमटीसकट करंड्यात परत गेली.

आठव्या दिवशी हर्षाली त्याच्या टेबलापाशी बंगळूरचं उत्तर घेऊन आली. डीएनए पुरेसा निघाला नव्हता. निघाला त्यात जिवाणूंचाच जास्त. लायब्ररी होईल पण विरळ होईल, वाचनात भोकं राहतील. उरलेली अर्धी पाठवता येईल का?

भिकन पुन्हा सातपूरला गेला. त्यानं दारात चप्पल काढली आणि काही सांगायच्या आत निकिता आत जाऊन करंडा घेऊन आली. तिनं झाकण उघडून एकदा बघितलं. चिमटी तिनं स्वतःच्या हातानं काढली, करंड्यात ठेवली आणि नाळ त्याच्या डबीत टाकली. लंकाबाई त्या दिवशी तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत बसली.

या खेपेला जमलं. बाराव्या आठवड्यात कसोटीला उतरलं, पंधराव्यात निकाल आला. अगदी स्वच्छ. एका जीनमध्ये चूक, रुद्रच्या दोन्ही प्रतींत, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मॅडमचा संशय खरा होता. सोळाव्या आठवड्यात निकिताच्या पोटातलं पाणी काढलं आणि तेवढी एकच जागा तपासायला ते पाठवलं. त्या दहा दिवसांत भिकन रोज सकाळी गोदावरीवर जाऊन यायला लागला. देवळात जाणारा माणूस नव्हे तो. नुसता घाटावर उभा राहायचा. त्याची बायको मैना म्हणाली, "काय मागता हो तिथं?" तो म्हणाला, "चारात तीन."

चारात तीन चांगले, एक वाईट. जुगारी माणूससुद्धा असल्या खेळाला बसला असता.

अठराव्या आठवड्यात रिपोर्ट आला. दोन्ही प्रती चुकलेल्या.

मनोज केबिनमध्ये ओक्साबोक्शी रडला, निकिता रडली नाही. मॅडमनी सगळं समजावलं, घाई करू नका म्हणाल्या, निर्णय तुमचा म्हणाल्या. निकिता म्हणाली, "त्यानं जे सोसलं ते मी पुन्हा बघणार नाही. यालाही सोसायला लावणार नाही." चार दिवसांनी, कायद्याच्या मुदतीत, ते झालं. मुलगा की मुलगी, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

महिन्याभरानं ती एकटीच आली, फाईल न्यायला. पुढच्या वेळी लवकर, अकराव्या-बाराव्या आठवड्यातच तपासता येईल, चूक आता माहीत आहे, असं मॅडमनी लिहून दिलं होतं. लॅबच्या खिडकीशी येऊन ती उभी राहिली. भिकन उठून बाहेर आला. जिन्याखालच्या बाकावर दोघं बसले. तिच्या हातात तो पितळी करंडा होता. उघडून दाखवला. कापूस आणि चिमटी.

"बाकी काही नाही उरलं," ती म्हणाली. "या खेपेला तर एवढंही नाही. नाळ पडेपर्यंत राहिलंच नाही ते."

भिकनला राहवलं नाही. "पोरी, माझ्यामुळं गेली ती नाळ. त्या दुपारी मी टोचलं असतं तर तुझ्याकडे राहिली असती. मला माफ कर म्हणायचंही तोंड नाही."

"मामा, मीच म्हणाले होते ना थांबा म्हणून."

"ते राहू दे," भिकन म्हणाला.

"सासूबाई एवढं बोलल्या तुम्हाला, तुम्ही माझं नाव नाही घेतलंत. मलाही सांगायचा धीर झाला नाही. तिथंच उभी होते, तरी."

"तू आई. थांबा म्हणणं तुझं काम होतं," भिकन म्हणाला. "टोचायचं काम माझं होतं."

निकितानं करंडा मिटला. पदरानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले, मग तिनं पुसायचं सोडून दिलं. वर कुठंतरी एक बाळ टाहो फोडून रडत होतं आणि सिस्टर भिकनला हाका मारत होती. तो उठला. निकिताही उठली आणि तिनं त्याचा हात धरला, टोचायचा तोच उजवा.

"मामा, पुढचं झालं ना, आणि काही लागलं त्याला, तर झोपलेलं असलं तरी टोचा. मी थांबा म्हणाले तरी ऐकू नका."

त्यानं मान हलवली, लॅबमधून ट्रे उचलून त्यात एक जांभळी नळी ठेवली आणि जिना चढायला लागला.